गारठलेली लस



वैशाखातल्या संध्याकाळी, पंख्याखाली बसूनही अंगाला घाम फुटत असताना, गारठ्याने होणाऱ्या नुकसानीवर बोलणे हे थोडे चमत्कारिकच आहे. आम्ही लशींच्या शीतसाखळीवर बोलणार हे कळल्यावर एका स्नेह्याने विचारले, "त्यात काय सांगणार? लस फ्रीजमध्ये ठेवायची, झाले!" आमचे आजचे सारे म्हणणे या 'झाले' शब्दाविरुद्ध आहे. उष्णतेने लस बिघडते हे सर्वांस ठाऊक आहे. पण थंडीनेही बिघडते, आणि ती बिघडलेली पुष्कळदा ओळखूही येत नाही, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

प्रथम जुनी गोष्ट सांगू. १८०२ साली देवीची लस मुंबईस आली तेव्हा बर्फाचे यंत्र कोठेच नव्हते. धाग्यांवर वाळवून पाठविलेली लस वाटेतल्या उन्हाने निर्जीव होई. तेव्हा शीतपेटीऐवजी माणसाचा दंड वापरला. एकाला टोचावयाचे, आठवड्याने त्याच्या फोडातील द्रव घेऊन दुसऱ्यास टोचावयाचे, अशा रीतीने बगदादहून बसऱ्यास आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईस ती जिवंत लस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली, आणि तिच्या दंडावरून पुढे ती देशभर गेली. ही माणसांची साखळी होती. एक कडी तुटली की मागे सांगावयास कोणी उरत नसे. पण फोड आला नाही म्हणजे लस मेली, एवढे तरी डोळ्यांना दिसे.

आजच्या लशींचे तसे नाही. टोचल्यावर बाळ रडते, रात्री थोडा ताप येतो, कार्डावर तारीख पडते. लस चांगली होती की निकामी, हे त्या रडण्यावरून कळत नाही. म्हणून ती टोचण्यापूर्वीच कळले पाहिजे.

आपल्याकडील बहुतेक लशी गावपातळीवर २ ते ८ अंश सेल्सिअस या पट्ट्यात ठेवाव्या लागतात. वरची मर्यादा ओलांडली तर काय होते ते आधी पाहू, कारण ते सोपे आहे. उष्णतेचा लशीवरील परिणाम सावकाराच्या वहीसारखा असतो. आज दोन तास उन्हात राहिली, तेवढे खर्ची पडले. उद्या आणखी तीन तास, तेही खर्ची पडले. पुन्हा थंडीत ठेवल्याने खर्च थांबतो, पण गेलेले परत जमा होत नाही. ही वही प्रत्येक कुपीवर लिहिलेली असते, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? कुपीच्या लेबलावर किंवा झाकणावर एक लहानसे वर्तुळ असते आणि त्याच्या पोटात एक चौकोन. चौकोन प्रारंभी पांढुरका असतो. कुपीला जितकी उष्णता लागेल तितका तो काळवंडत जातो. वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर कुपी वापरावी. वर्तुळाच्या रंगाशी मिळाला किंवा त्याहून गडद झाला की टाकून द्यावी. १९९६ पासून प्रथम पोलिओच्या थेंबांवर ही खूण आली. पुढच्या वेळी नातवंडाला घेऊन केंद्रात जाल तेव्हा नर्सबाईंना "चौकोन दाखवा" असे अवश्य म्हणा. चांगल्या नर्सबाईंस याचा राग येत नाही. उलट बरे वाटते.

सगळ्या लशींचे चौकोन एकाच वेगाने काळवंडत नाहीत. पोलिओचे थेंब फार नाजूक. ३७ अंशांत त्यांचा चौकोन सुमारे दोन दिवसांत भरतो. काविळीच्या, म्हणजे हेपटायटिस-बीच्या लशीवर अशी खूण असते, की तेवढ्याच उष्णतेत तिला सुमारे ३० दिवस लागतात. मग काविळीची लस अधिक चिवट म्हणावी ना? उष्णतेपुरती, हो. पण जी लस उन्हात टिकते तीच पुष्कळदा थंडीत मरते. पोलिओचे थेंब वरच्या भांडारात गोठवूनच ठेवतात, त्यांस त्याचे काही वाटत नाही. काविळीची लस मात्र शून्याच्या खाली अर्धा अंश गेली की गोठू शकते, आणि गोठली की संपली.

याचे कारण तुरटीत आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली की गाळ तळाशी बसतो, हे आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तुरटीच्या जातीचे ॲल्युमिनियमचे क्षार घटसर्पाच्या लशीत घातले, तर लस शरीरात अधिक जोराने काम करते, असे ग्लेनी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखविले. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, कावीळ-बी, आणि या साऱ्यांना एकत्र करणारी पेंटाव्हॅलंट, या लशींमध्ये असा क्षार अतिशय बारीक कणांच्या रूपाने तरंगत असतो, आणि लशीचे खरे द्रव्य त्या कणांना चिकटून असते. म्हणून या लशी पाण्यासारख्या स्वच्छ नसून ताकाच्या निवळीसारख्या किंचित धुरकट दिसतात. कुपी गोठते तेव्हा पाण्याचे स्फटिक वाढतात आणि ते या कणांना एकमेकांवर रेटतात. कण एकत्र येऊन त्यांची लहान लहान ढेकळे होतात. बर्फ वितळतो, पण ढेकळे पुन्हा सुटी होत नाहीत. दूध फाटल्यावर कितीही घुसळा, ते पुन्हा दूध होत नाही. कारण वेगळे, पण गत तीच. चिकटलेले द्रव्य ढेकळांत अडकते आणि लस निकामी किंवा निदान फारच कमजोर होते.

आता चौकोनाकडे पुन्हा पाहा. तो उष्णता मोजतो, थंडी मोजत नाही. रात्रभर गोठून सकाळी वितळलेल्या कुपीवरचा चौकोन अगदी पांढरा, अगदी कोरा असतो. मेलेल्या लशीच्या कपाळावर 'उत्तम' असा शिक्का!

हे क्वचित घडते असे कोणी समजू नये. इंडोनेशियात काविळीच्या लशीबरोबर तापमान नोंदणारी उपकरणे पाठवून तिचा प्रवास तपासण्यात आला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत चारांपैकी तीन खेपांना वाटेत कोठे ना कोठे गोठणबिंदूखालचे तापमान लागलेले आढळले. हा देश विषुववृत्तावरचा. हिमालयात नव्हे! कोठे लागले? प्रवासात, आणि शीतकपाटांत. म्हणजे लस वाचविण्यासाठी जेथे बर्फ ठेवला, तेथेच.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन मोठ्या पेट्या शेजारी शेजारी असतात. एक डीप फ्रीझर; त्यात केवळ बर्फाच्या लाद्या तयार करावयाच्या. दुसरी आय.एल.आर.; तिच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी ती आतली थंडी सांभाळते. दोन्हींचे झाकण वर उघडते. घरचा फ्रीज समोरून उघडला की थंड हवा पायांवर सांडते. येथे ती रांजणातल्या पाण्यासारखी आतच राहते. पण रांजणाप्रमाणेच सर्वांत थंड भाग तळाचा आणि भिंतीलगतचा. म्हणून गोवर, बी.सी.जी. आणि पोलिओ तळाशी चालतात; तुरटीवाल्या लशी मात्र वरच्या जाळीच्या टोपलीत, भिंतीपासून सुट्या. हा नियम केंद्रातल्या भिंतीवरच्या तक्त्यात रंगवलेला असतो. तक्ता भिंतीवर असतो आणि लस पेटीत, एवढीच काय ती अडचण!

आता एक प्रत्यक्ष प्रसंग सांगतो. आम्ही काही वर्षे केंद्रांच्या तपासणीचे काम केले. डिसेंबर २०१७ मध्ये बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका केंद्रात आम्ही गेलो. केंद्राचे नाव सांगण्याचे कारण नाही. वार बुधवार, तारीख २७. आदल्या शनिवारी चौथा शनिवार, मग रविवार, सोमवारी नाताळ. तीन दिवस औषधभांडाराचे दार बंदच होते. मंगळवारी एका उपकेंद्रावर लसीकरण झाले होते.

आम्ही प्रथम तापमानाची वही मागितली. नियम असा, की सकाळी आणि सायंकाळी तापमान पाहून लिहावे, रविवारी आणि सणासुदीलाही. वही स्वच्छ होती, अक्षर मोत्यासारखे. सकाळी ४, सायंकाळी ४. रविवारी ४ आणि ४. नाताळात ४ आणि ४. सबंध महिनाभर चारच! यंत्र असे वागत नाही. दिवसभर झाकण उघडते, वीज जाते-येते, नवा माल येतो. पारा कधी ३, कधी ५, कधी ६ होणारच. ज्या वहीत चढउतार नाही ती वही आम्हांस नेहमी चढउताराच्या वहीपेक्षा अधिक भिववते.

टोपलीत एक लहान नोंदयंत्र होते. ते मागच्या ३० दिवसांचे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवते. त्याच्या धोक्याच्या खुणा कशा लावल्या आहेत ते पाहण्यासारखे आहे: ८ अंशांच्या वर सलग १० तास गेले तर ते ओरडते, उणे अर्ध्या अंशाखाली मात्र केवळ एक तास पुरतो. लशीला कशाची किती घाई आहे, हे त्या दोन आकड्यांवरूनच समजावे. येथे यंत्र ओरडले नव्हते. कळ दाबत मागे गेलो. रविवारी पहाटे सर्वांत कमी तापमान ०.६. धोक्याची खूण नाही, पण दोनच्या खाली निश्चित. टोपलीत ०.६, तर तळाशी काय असेल?

फार्मासिस्ट तरुण होते, प्रामाणिक होते. आम्ही म्हटले, "भाऊ, टोपली वर काढा." तळाशी गोवराच्या खोक्याखाली पेंटाव्हॅलंटच्या १२ कुप्या निघाल्या. मागच्या आठवड्यात माल आला, टोपली भरली, उरलेला खाली ठेवला. पेटीच्या खालच्या बाजूला तापमान लावण्याचे बटण होते, तेही पाहिले. मे महिन्यात भारनियमन आणि कमी दाबाची वीज असताना ते जास्त थंडीकडे फिरविलेले होते. मेमध्ये ते योग्यच होते. पण डिसेंबरात बाहेरच गारठा, शिवाय वीज चोवीस तास. बटण मात्र मेमध्येच राहिले. आमच्या अनुभवात उन्हाळ्याने जेवढ्या कुप्या बिघडविल्या त्याहून अधिक अशा विसरलेल्या बटणांनी बिघडविल्या असतील.

त्या १२ कुप्या हातात घेतल्या. बर्फ कोठेच नव्हता. सर्व पातळ, चौकोन सर्वांचे पांढरे. घट्ट गोठलेली कुपी हाती आली असती तर प्रश्नच नव्हता, ती तशीच फेकावयाची. पण वितळलेली कुपी काही बोलत नाही. तिला बोलती करण्याची एक साधी रीत आहे, हिला हलवून पाहण्याची चाचणी म्हणतात. त्याच कारखान्याच्या, त्याच बॅचच्या लशीची एक कुपी घ्यावयाची, तिच्यावर 'गोठविलेली' असे लिहावयाचे आणि डीप फ्रीझरमध्ये रात्रभर दगडासारखी गोठू द्यावयाची. ही कुपी बळी जाते, पण तिच्यावाचून तुलना नाही. सकाळी ती आपोआप वितळू द्यावी. ऊन पाणी, चूल, काही नको. मग ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून १०-१५ सेकंद हलवावयाच्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवावयाच्या आणि उजेडाकडे धरल्यासारखे बाजूने पाहावयाचे.

आम्ही येथे दोन रद्द झालेल्या कुप्या आणल्या आहेत. पुढच्या दोन ओळींतल्या मंडळींना दिसेल, मागच्यांनी आमच्यावर विश्वास ठेवावा. डावीकडची काल रात्री गोठविली होती. पाहा, हलविताच तीत कण दिसू लागले. पिठूळ ठिपके खाली उतरत आहेत आणि वरचा थर निवळू लागला आहे. उजवीकडची अजून सारखीच धुरकट आहे. संशयित कुपी डावीकडच्यासारखी वागली तर टाकावी. तिच्याहून स्पष्टपणे सावकाश बसली तर ठेवावी. निकालासाठी काही मिनिटे, फार तर अर्धा तास लागतो. इतकी घरगुती रीत खरी असेल का, अशी शंका पुष्कळांनी घेतली होती. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत तिची पडताळणी प्रसिद्ध झाली. सूक्ष्मदर्शकाखाली ज्या कुप्यांतले कण गोठून एकत्र आलेले दिसले, नेमक्या त्याच कुप्या शिकलेल्या माणसांनी नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या काढल्या. तिला मर्यादाही आहे: ज्या लशीत तुरटीचा क्षारच नाही तिला ही चाचणी लागू नाही. पोलिओची इंजेक्शनची लस गोठली तर बिघडते, पण हलवून काहीच दिसत नाही. तेथे तापमानाची खरी नोंद हाच एक आधार.

त्या केंद्रात पेंटाव्हॅलंटच्या एकंदर ३६ कुप्या होत्या, सर्व एकाच बॅचच्या. टोपलीत २४, तळाशी १२. टोपलीतली एक बळी दिली. गुरुवारी, २८ तारखेस, सर्वजण टेबलाभोवती बसलो. टोपलीतल्या २३ कुप्या एकामागून एक हलविल्या, सगळ्या उत्तम. तळाच्या १२ पैकी १० कुप्यांत ठिपके भराभर खाली बसले. दोन वाचल्या होत्या. एकाच खोक्यात, एकाच गारठ्यात राहून त्या का वाचल्या? गोठणबिंदूखाली गेलेले पाणी लगेच गोठतेच असे नाही. काही कुपी तशीच पातळ राहते, शेजारची गोठते. म्हणून एक तपासून सबंध खोक्याचा निकाल देता येत नाही. त्या दोन ठेवण्यास नियमाची हरकत नव्हती, ठेवल्या. आमचे मन मात्र थोडे कचरले, हे कबूल करतो.

काम संपले असे वाटत होते. इतक्यात त्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका, त्यांना तेथे सगळे ताई म्हणत, हळूच म्हणाल्या, "साहेब, मंगळवारची उघडलेली कुपी परत आणून ठेवलीय. तीही बघायची का?" पेंटाव्हॅलंटची कुपी दहा डोसांची असते. अटी पाळल्या असतील तर उघडलेली कुपी २८ दिवसांपर्यंत पुन्हा वापरता येते, म्हणून ती पेटीतून परत येते. मंगळवारी तीतून सात बाळांना टोचले होते. कुपी हलविली. उरलेल्या तीन डोसांत पांढरे ठिपके सरळ खाली गेले.

ताई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनीच विचारले, "पण ती खाली ठेवली होती म्हणून गोठली, की माझ्या पेटीत?" हा प्रश्न आम्हांस त्या दिवसातील सर्वांत शहाणा वाटला. उपकेंद्रावर लस नेण्याच्या पेटीत बर्फाच्या चार लाद्या उभ्या लावतात. फ्रीझरमधून काढलेली लादी उणे २० च्या आसपास असते. ती तशीच लावली तर तिला टेकलेली कुपी शीतकपाटापेक्षाही लवकर गोठते. म्हणून लाद्या आधी बाहेर मांडून ठेवावयाच्या. त्यांना घाम फुटला पाहिजे आणि कानाशी धरून हलविली की आत पाणी खळखळले पाहिजे. याला ऋतूप्रमाणे अर्धा तास लागतो, तास लागतो, थंडीत अधिकही लागतो, आणि एस.टी. आठाला सुटते. ताई म्हणाल्या, त्या दिवशी गाडी उशिरा होती म्हणून लाद्या चांगल्या पाणावल्या होत्या, त्यांनी कानाने ऐकले होते. आणि कुपी सकाळी तळाच्या खोक्यातून दिली होती. त्याच पेटीतून गेलेल्या दुसऱ्या एका तुरटीवाल्या लशीची कुपी तपासली. ती चांगली निघाली. तेव्हा दोष तळाचाच ठरला.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जिल्ह्याला दूरध्वनी केला. निर्णय झाला, की ते सात डोस धरावयाचे नाहीत. सातही बाळांना पुन्हा टोचावयाचे. बटण फिरविले गेले, वाया गेलेल्या कुप्यांची यादी झाली, आणि फार्मासिस्टनी वहीत त्या दिवशी सायंकाळी प्रथमच ५ लिहिले. खरे अवघड काम ताईंकडे होते. दार वाजवून आईला सांगावयाचे, की मागच्या मंगळवारी बाळ रडले ते फुकट गेले. एका आजीने त्यांना उंबऱ्यावरच विचारले, "तवा लस खराब होती, मंग आता बरी हाय हे कशावरनं?" ताईंनी पिशवीतून दोन कुप्या काढल्या, एक टाकून दिलेली आणि एक चांगली, आणि ओसरीवर बसून हलवून दाखविल्या. आजीने निरखून पाहिले आणि सुनेला हाक मारली.

सहा बाळे पुढच्या मंगळवारी आली. सातवे दीड महिन्याचे होते. त्याची आई बाळंतपणासाठी मागे राहिली होती. बुधवारीच ती बाळाला घेऊन ऊसतोडीच्या टोळीत नवऱ्याकडे निघून गेली होती. ताईंनी तिच्या दिराकडून फोन नंबर मिळविला आणि त्या कारखान्याच्या भागातील आरोग्यसेविकेला कळविले. पण टोळी तोवर दुसऱ्या फडावर गेली होती. मार्चअखेर पट्टा पडला, माणसे गावी परतली, तेव्हा ते बाळ मांडीवर बसण्याएवढे झाले होते. ताईंनी त्याच्या कार्डावरची २६ डिसेंबरची नोंद एका रेघेने खोडली, शेजारी सही केली, आणि खाली नवी तारीख घातली.